नकाराचा निरोप कसा लिहायचा: नव्याने भरतीचं काम हाती घेतलेल्यांसाठी

वाळूज एमआयडीसीतल्या एका सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात मी बरीच वर्षं भरतीचं काम पाहतो. मुलाखत कशी घ्यावी हे मला वरिष्ठांनी शिकवलं. ऑफर लेटरचा नमुना तयार होता. नाकारलेल्या माणसाला काय लिहायचं, हे मात्र कोणी सांगितलं नाही. जुन्या फाइलीत एक मजकूर सापडला, तोच मी कित्येक वर्षं नाव बदलून पाठवत राहिलो. त्या मजकुराने एका मुलाचे दीड महिने वाया गेले, तेव्हा मी तो पहिल्यांदा नीट वाचला.

इथे तोच मजकूर घेऊन तो ओळीओळीने कसा बदलायचा ते सांगतो. लहान कारखाना, शाळा, क्लास, पतसंस्था, दुकान, कुठेही भरतीचं काम नव्याने तुमच्याकडे आलं असेल, तर या क्रमाने जा.

आधी प्रसंग

जागा क्वालिटी इन्स्पेक्टरची होती. शेवटच्या फेरीत दोघे राहिले. त्यातला एक मुलगा केज तालुक्यातला, मेकॅनिकल डिप्लोमा झालेला. पहाटेची एसटी पकडून तो दोनदा आला, एकदा मुलाखतीला आणि एकदा प्रात्यक्षिक चाचणीला. चाचणीत आम्ही 5 भाग, एक ड्रॉइंग, व्हर्नियर आणि मायक्रोमीटर देतो. मोजा आणि लिहा, एवढंच. ड्रॉइंग त्याने सरळ वाचलं, टॉलरन्स बरोबर सांगितले. मायक्रोमीटरवर मात्र 2 भागांची मापं चुकली. ज्यांनी हे उपकरण हाताळलंय त्यांना ही चूक लगेच कळेल. स्लीव्हवरची अर्ध्या मिलिमीटरची रेघ उघडी पडलेली असते, ती नजरेतून सुटली की माप बरोबर 0.50 ने कमी येतं. 12.78 चं त्याने 12.28 लिहिलं होतं. ज्या भागाला 0.02 ची मोकळीक आहे, तिथे एवढ्या चुकीने चांगला भाग रिजेक्टच्या पेटीत जातो. दुसऱ्या उमेदवाराची पाचही मापं बरोबर आली आणि आम्ही त्याला घेतलं.

मग मी केजच्या मुलाला व्हॉट्सॅपवर हे पाठवलं:

> प्रिय उमेदवार,
> आपण आमच्या कंपनीत दाखवलेल्या स्वारस्याबद्दल आम्ही आभारी आहोत. आपली मुलाखत अतिशय प्रभावी होती. तथापि कळविण्यास अत्यंत खेद होतो की, काही कारणास्तव सध्या आपली निवड होऊ शकलेली नाही. तरी आपला बायोडाटा आमच्याकडे राखून ठेवण्यात येत असून भविष्यात योग्य संधी आल्यास आपणास अवश्य कळविण्यात येईल. आपल्या उज्ज्वल भवितव्यासाठी हार्दिक शुभेच्छा.

वाचायला सभ्य वाटतं. मुलाने ते घरी वाचून दाखवलं आणि घरच्यांनी त्यातून अर्थ काढला तो असा: मुलाखत प्रभावी झाली, बायोडाटा ठेवून घेतलाय, सध्या काहीतरी अडचण आहे, दिवाळीनंतर बोलावतील. बजाजनगरमध्ये मित्राच्या खोलीत त्याने आपल्या वाट्याचं भाडं चालू ठेवलं. चिकलठाण्यातल्या एका कारखान्यात काम मिळत होतं, तिथे त्याने थोडं थांबायला सांगितलं, म्हणजे ते गेलंच. मला त्याचे तीन फोन आले आणि तिन्ही वेळा मी "काही असेल तर कळवतो" म्हणालो. एकदा वडिलांचाही फोन आला. "साहेब, पोराचं काय झालं? आम्ही वाट बघायलोत." तेव्हा कुठे मी स्पष्ट सांगितलं की ती जागा केव्हाच भरली. नंतर मुलाने स्वतः फोन करून एकच विचारलं, "मग तेव्हाच का नाही सांगितलं, सर?"

मी सांगितलं होतं, असं मला वाटत होतं. मजकूर पुन्हा उघडून पाहिला तेव्हा दिसलं की त्यात नकार आहे अर्ध्या ओळीचा आणि त्याच्या दोन्ही बाजूंनी आशा आहे.

पहिली पायरी: निर्णय खरोखर झालाय का, ते पाहा

लिहायला बसण्याआधी स्वतःला विचारा: निवडलेल्या माणसाने ऑफर लेखी स्वीकारली आहे का? रुजू होण्याची तारीख ठरली आहे का? आणि समजा तो आलाच नाही, तर तुम्ही या दुसऱ्याला बोलावणार आहात का?

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर "हो" असेल, तर नकार पाठवू नका. तो खरा नकार नाही. आपल्याकडे ऑफर घेऊन ऐनवेळी पुण्याला, चाकणला निघून जाणारे कमी नाहीत, त्यामुळे दुसरा माणूस हाताशी ठेवावा लागतो हे मला कळतं. पण मग त्याला खरं ते सांगा: "तुम्ही दुसऱ्या क्रमांकावर आहात. पहिल्या उमेदवाराने 20 तारखेपर्यंत होकार दिला नाही तर तुम्हाला बोलावू. 21 तारखेला काहीही झालं तरी कळवतो. तोवर दुसरीकडे नोकरी मिळाली तर आमच्यासाठी थांबू नका." यात तारीख हवी आणि त्या तारखेला तुमचा निरोप जायलाच हवा.

बरेच गोलमोल मजकूर इथेच जन्माला येतात. लिहिणाऱ्याला माणूस सोडायचा नसतो आणि धरायचाही नसतो, म्हणून तो "सध्या" हा शब्द घालतो. तेव्हा "सध्या" लिहावंसं वाटलं की पेन थांबवा आणि वरच्या प्रश्नांकडे परत जा.

दुसरी पायरी: निर्णयाचं वाक्य पहिलं लिहा

मोबाईलवर निरोप येतो तेव्हा वरच्या पट्टीत सुरुवातीचे काही शब्दच दिसतात. "आपल्या स्वारस्याबद्दल आभारी आहोत" एवढंच दिसलं की माणसाच्या छातीत धडधड सुरू होते, आणि मग तो ती पूर्ण ओळ ओलांडून नकारापर्यंत पोहोचतो. निर्णय वरच असावा. नमस्कार, तुम्ही कोण, कोणती जागा, आणि लगेच निर्णय.

मराठीत या एका वाक्यात फार निसरड्या जागा आहेत, म्हणून इथे जरा थांबतो.

"आपली निवड होऊ शकली नाही." यात कोणीतरी निवड करायला गेलं होतं आणि काहीतरी आडवं आलं, असा सूर आहे. जे आडवं आलं ते उद्या बाजूला होईल, असं ऐकणाऱ्याला वाटतं. खरं तर आडवं काहीच आलेलं नव्हतं. तुम्ही दोघांपैकी एक निवडला होता.

"तुमची निवड झाली नाही." हे सरळ दिसतं, पण बोलण्यात आपण "अजून बस आली नाही" म्हणतो तसं "अजून झाली नाही" असंही ते ऐकू येतं. मी हे फोनवर प्रत्यक्ष अनुभवलंय. "निवड झाली नाही" म्हटल्यावर समोरून प्रश्न आला, "मग कधी होणार?"

"आपण अपात्र ठरला आहात." हे चूक आहे. अपात्र म्हणजे अर्ज करायचीच पात्रता नसलेला. डिप्लोमा मागितला आणि तो नाहीच, तर अपात्र. जो शेवटच्या दोघांत आला तो पात्रच होता. हा शब्द माणसाच्या मनात वर्षानुवर्षं राहतो.

माझं वाक्य आता असं असतं: "या जागेसाठी आम्ही दुसऱ्या उमेदवाराची निवड केली आहे. तुमची निवड झालेली नाही. हा निर्णय अंतिम आहे." तीन लहान वाक्यं. पहिल्यात कर्ता आहे, "आम्ही", म्हणजे निर्णय माणसांनी घेतलाय हे कळतं. शिवाय जागा भरली, हेही त्यातच आलं. दुसरं "झालेली नाही" हे पहिल्याच्या पाठोपाठ आल्यामुळे "अजून" वाला अर्थ निघत नाही. तिसरं वाक्य काही जणांना कठोर वाटतं. मी ते एकदोनदा गाळून पाहिलं आणि दोन्ही वेळा "पुन्हा विचार होईल का" असा फोन आला. आता गाळत नाही.

आणखी एक शब्द सांभाळा: "आपण". आदर म्हणून आपण तो वापरतो, पण मराठीत "आपण" म्हणजे समोरचा माणूसही आणि आपण दोघे मिळूनही. "पुढे आपण नक्की संपर्कात राहू" असं लिहिलं की त्यात तुम्ही स्वतःला बांधून घेता. "तुम्ही" लिहा. त्यात आदर पुरेसा आहे आणि गोंधळ नाही. मुलगा वयाने कितीही लहान असला तरी "तू" नको, आणि ओळख नसताना "भाऊ", "दादा" म्हणून जवळीकही नको. ज्याने नाकारलंय त्याने खांद्यावर हात ठेवला तर तो हात जड लागतो.

"कळविण्यास अत्यंत खेद होतो" हेही मी काढून टाकलं. ही शब्दरचना आपण निधनाच्या बातमीत वाचतो. नोकरी न मिळणं वाईट आहे, पण त्याच्या घरात कोणी गेलेलं नाही. वाईट वाटत असेल तर ते साध्या शब्दांत एकदा लिहा, नाहीतर लिहू नका.

तिसरी पायरी: कारण द्यायचं का आणि कोणतं

"काही कारणास्तव" हे दोन शब्द सगळ्यात जास्त छळतात. कारण दिलं नाही की माणूस स्वतः शोधतो, आणि आपल्या भागात ते शोधणं दोन-तीन ठरलेल्या ठिकाणी जाऊन थांबतं: आडनाव, गाव, वशिला. तुमच्या मनात यातलं काही नसलं तरी तुमच्या मोकळ्या जागेत तो हेच भरणार.

नुसता बायोडाटा पाहून नाकारलंय, तर कारणाची गरज नाही. पण जो दोनदा बसने आला, ज्याने चाचणी दिली, त्याला एक कारण द्यावं असं माझं ठाम मत आहे. मात्र ते तीन कसोट्यांवर उतरायला हवं. ते कामाबद्दल असावं, माणसाबद्दल नसावं. ते त्यालाही दिसलेलं असावं, म्हणजे चाचणीत, कागदावर, समोरासमोर घडलेलं. आणि ते खरं कारण असावं, सोयीचं नसावं.

"तुमच्यात आत्मविश्वास कमी वाटला" हे पहिल्या कसोटीवर पडतं. त्यावर तो काय करणार? "आम्हाला अधिक अनुभवी व्यक्ती हवी होती" हे बरेचदा तिसऱ्या कसोटीवर पडतं, कारण अनुभव किती आहे हे बायोडाट्यातच दिसत होतं, मग दोनदा बोलावलं कशाला? केजच्या मुलाच्या बाबतीत तिन्ही कसोट्यांवर उतरणारं कारण समोर होतं: 5 पैकी 2 मापं अर्ध्या मिलिमीटरने कमी आली.

पण कारण लिहिलं की एक धोका येतो. तो म्हणेल, "सर, एवढंच ना? आठ दिवसांत शिकतो." म्हणून कारणाच्या आधी जागेची गरज सांगा: या जागेवर पहिल्या दिवसापासून एकट्याने मोजावं लागतं, दुसऱ्या पाळीत शेजारी विचारायला कोणी नसतं. मग चूक शिकता येण्यासारखी असली तरी ही जागा त्यासाठी थांबू शकत नव्हती, हे आपोआप कळतं. कारण एकच द्या. दोन दिली की पहिलं कच्चं होतं आणि वाद घालायला दुसरं मिळतं.

क्षेत्र बदललं तर कारणाचा तपशील बदलतो, पद्धत तीच राहते. लातूरमध्ये क्लास चालवणाऱ्या एका ओळखीच्या सरांनी रसायनशास्त्राच्या शिक्षिकेला डेमो लेक्चरनंतर नकार कळवायचा होता. त्यांनी लिहिलं होतं, "आपली शिकवण्याची शैली आमच्या विद्यार्थ्यांना अनुरूप वाटली नाही." आम्ही ते बदललं: "40 मिनिटांच्या डेमोत मोल संकल्पनेची दोन उदाहरणं सोडवून झाली. आमच्या वेळापत्रकात त्या वेळेत सहा ते सात घ्यावी लागतात." त्या बाईंना शैली बदलायची गरज नव्हती. तो क्लास वेगाने शिकवणारा होता आणि त्या सावकाश शिकवणाऱ्या होत्या. हे वाचून त्यांना तेच कळलं.

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगतो. तुमच्या ऑफिसमधलं खरं कारण "मुलगी आहे, लग्न होऊन जाईल" किंवा "रात्रपाळीला बाई नको" असं असेल, तर चांगल्या शब्दांत ते कसं लिहावं हे विचारू नका. भरतीत स्त्री म्हणून डावलायला 1976 च्या समान वेतन कायद्यातही मनाई होती. अशा वेळी निरोप थांबवा आणि निर्णय पुन्हा टेबलावर आणा. हे करायला धीर लागतो, विशेषतः तुम्ही नवीन असाल तर. पण हातात निरोप लिहायचं काम असतं तेव्हाच ही गोष्ट बोलून दाखवता येते.

चौथी पायरी: कौतुक एकच, आणि पाहिलेलं

"आपली मुलाखत अतिशय प्रभावी होती." मग घेतलं का नाही? कौतुक मोठं झालं की नकार खोटा वाटतो, आणि नकार खरा असेल तर कौतुक खोटं वाटतं. केजच्या मुलाने ड्रॉइंग न अडखळता वाचलं होतं. तेवढंच लिहायचं. पुढच्या ठिकाणी मुलाखतीत त्याला ते सांगताही येईल. सांगण्यासारखं काही सापडलं नाही, तर आल्याबद्दल आभार माना आणि पुढे जा.

पाचवी पायरी: दार बंद आहे की उघडं, ते लिहा

"बायोडाटा राखून ठेवण्यात येत आहे" हे वाक्य मी लिहीत असे तेव्हा बायोडाटा कुठे जायचा ते सांगतो. स्टीलच्या कपाटात खालच्या कप्प्यात एक गठ्ठा होता. नवी जागा निघाली की आम्ही तो कधीच उघडत नव्हतो, कारण नवे बायोडाटे आलेले असायचे. म्हणजे ते वाक्य खोटं होतं. तुमच्याकडे खरोखर यादी असेल, कोणीतरी ती उघडून फोन करत असेल, तर जरूर लिहा, आणि किती महिने ठेवता तेही लिहा. नाहीतर उलट लिहा: "आमच्या फोनची वाट पाहू नका."

हे वाक्य लिहिताना माझा हात पहिल्यांदा अडखळला. उद्धट वाटलं. पण भाडं भरत थांबलेल्या माणसाला सगळ्यात जास्त उपयोग याच वाक्याचा आहे. त्याच्या जोडीला पुढे अर्ज करता येईल का, हे सांगा, म्हणजे दार कशाचं बंद आहे तेही कळतं: ही जागा बंद, कंपनी बंद नाही. जालन्यात बियाण्यांच्या कंपन्यांत काम करणारे एक मित्र सांगतात की त्यांच्याकडे "हंगामात बघू" म्हणायची सवय आहे. हंगामी कामासाठी ते ठीक आहे, पण मग कोणत्या महिन्यात आणि कोणी कोणाला फोन करायचा, हे सोबत सांगायला हवं.

आता पूर्ण मजकूर

> नमस्कार (उमेदवाराचं नाव),
> मी (तुमचं नाव), (कंपनीचं नाव), वाळूज. क्वालिटी इन्स्पेक्टरच्या जागेसाठी आम्ही दुसऱ्या उमेदवाराची निवड केली आहे. तुमची निवड झालेली नाही. हा निर्णय अंतिम आहे.
>
> या जागेवर पहिल्या दिवसापासून एकट्याने मोजमाप करावं लागतं. चाचणीत 5 पैकी 2 भागांचं मायक्रोमीटरवरचं माप अर्ध्या मिलिमीटरने कमी आलं होतं. ड्रॉइंग तुम्ही न अडखळता आणि बरोबर वाचलंत.
>
> तुम्ही दोनदा एवढ्या लांबून आलात आणि दोन्ही वेळा वेळेवर पोहोचलात, त्याबद्दल मनापासून आभार. तुमचा बायोडाटा आम्ही पुढच्या जागांसाठी ठेवलेला नाही, त्यामुळे आमच्या फोनची वाट पाहू नका. दुसरीकडे काम मिळत असेल तर घ्या. पुढे आमची जाहिरात दिसली तर तुम्ही नव्याने अर्ज करू शकता.
>
> चाचणीबद्दल काही विचारायचं असेल तर येत्या शनिवारी दुपारी 4 ते 5 या वेळेत याच नंबरवर फोन करा.

पाठवण्याआधी एक तपासणी करा. मजकूर अशा माणसाला वाचून दाखवा ज्याला या भरतीबद्दल काही माहीत नाही. मी आमच्या गेटवरच्या सुरक्षारक्षकांना वाचून दाखवतो. मग दोन प्रश्न विचारा: याला नोकरी मिळाली का? याने आता काय करायचं? दोन्हींची उत्तरं न अडखळता आली तर पाठवा. जुना मजकूर मी त्यांना वाचून दाखवला होता, तेव्हा ते म्हणाले, "थांबायला सांगितलंय."

शेवटची ओळ, फोनची वेळ, ऐच्छिक आहे. वेळ देता येणार नसेल तर ती गाळा. पण दिली तर त्या तासाला फोन उचला.

पाठवताना

शेवटच्या फेरीत आलेल्याला आधी फोन करा आणि लगेच मागोमाग लेखी निरोप पाठवा. फोन दोन-तीन मिनिटांचा असावा. "बसलात का? निर्णय कळवायला फोन केलाय, तुमची निवड झालेली नाही," असं पहिल्या दोन वाक्यांत सांगा. हवापाण्याच्या गप्पांनी सुरुवात केली की त्याला होकार आल्यासारखं वाटतं. लेखी निरोप यासाठी की फोनवर पहिलं वाक्य ऐकल्यानंतर माणसाच्या कानात पुढचं फारसं शिरत नाही.

ज्यांचा फक्त बायोडाटा पाहिला, त्यांना तीन ओळी पुरे: जागा, निर्णय, वाट पाहू नका. या मंडळींना निरोप पाठवताना व्हॉट्सॅपची ब्रॉडकास्ट यादी वापरायचा मोह होतो. ज्याने तुमचा नंबर आपल्या मोबाईलमध्ये सेव्ह केलेला नाही, त्याला ब्रॉडकास्ट पोहोचतच नाही, आणि उमेदवारांनी तो केलेला असेलच असं नाही. तुम्हाला वाटतं कळवलं, आणि तिकडे काहीच नसतं. ग्रुप करून तर मुळीच नको, त्यात प्रत्येकाचा नंबर आणि नकार सगळ्यांसमोर येतो. एकेक करून पाठवा. तीस जण असले तरी तासाभराचं काम आहे.

वेळ सकाळी 11 ते संध्याकाळी 5 मधली बरी. रात्री पाठवला तर तो रात्रभर घेऊन बसतो. पोळा, महालक्ष्म्या, दिवाळीचे दिवस टाळा, पण म्हणून आठवडाभर लांबवूही नका. सणाच्या आदल्या दिवशी कळवायचं की नंतर, असा पेच पडला तर मी आधी कळवतो, कारण सणाला घरी आलेले नातेवाईक विचारणारच की नोकरीचं काय झालं, आणि तेव्हा त्याच्याकडे खरं उत्तर असावं.

शिफारशीने आलेला उमेदवार असेल तर क्रम सांभाळा. सरपंचांचा, एखाद्या नेत्याच्या कार्यालयाचा, मालकांच्या मेव्हण्याचा फोन आलेला असतो. आपली सवय अशी की आधी त्या मोठ्या माणसाला फोन करून "जमलं नाही" सांगायचं. मग गावात आधी सगळ्यांना कळतं आणि मुलाला सगळ्यात शेवटी. आधी मुलाला कळवा. त्यानंतर शिफारस करणाऱ्याला एवढंच सांगा की उमेदवाराला निर्णय कळवला आहे. मापं किती चुकली हे त्या माणसाला सांगायचं नाही, ती मुलाची गोष्ट आहे.

उत्तर आल्यावर

बहुतेक जण "ठीक आहे सर, धन्यवाद" लिहितात. काही जण लिहितात, "सर, कमी पगारात येतो", "कुठलीही जागा द्या", "एकदा पुन्हा विचार करा". इथे आपला सगळा नीट लिहिलेला नकार दोन शब्दांत विरघळतो: "बघतो", "सांगतो". हे शब्द तोंडाला इतके सवयीचे आहेत की न कळत निघतात. मी उत्तर आधीच लिहून ठेवलंय: "तुमची अडचण समजते. निर्णय बदलणार नाही. ती जागा भरलेली आहे आणि आज आमच्याकडे दुसरी जागा नाही." त्यात नवं कारण नाही, नवी माफी नाही. दुसरी जागा खरोखर असेल तर ती इथे सहानुभूतीपोटी देऊ करू नका. तिच्यासाठी त्याला रीतसर अर्ज करायला सांगा.

एकदा उत्तर दिल्यावर पुन्हा तीच विनंती आली तर तेच उत्तर एकदा पुन्हा पाठवा. त्यानंतर गप्प राहिलं तर चालतं. कोणी रागाने लिहिलं, तुमच्यावर आरोप केला, तर त्या दिवशी उत्तर देऊ नका. दुसऱ्या दिवशी वाचा. आरोपात तथ्याचा प्रश्न असेल, म्हणजे "माझी चाचणी कोणी तपासली?" असं काही, तर त्याचं सरळ उत्तर द्या. नुसता राग असेल तर तो त्याचा हक्क आहे, तो तसाच राहू द्या.

आणि घरच्यांचा फोन. मराठवाड्यात तो येतोच, आणि करणारा माणूस सहसा हात जोडून बोलत असतो. "काका, निर्णय मुलाला कळवलाय, त्यांच्याकडे लेखी आहे. त्यांच्याशी बोला," असं मी सांगतो. मुलाचा मोठा भाऊ असो की वडील, चाचणीत काय झालं ते त्यांना सांगत नाही. सव्वीस वर्षांच्या माणसाने आपल्या बापाला काय सांगायचं, ते त्याने ठरवावं. पण वडिलांनी विचारलं, "म्हणजे आता वाट बघायची नाही ना?" तर तेवढ्याचं उत्तर मी देतो. "नाही, काका. वाट बघू नका."